मूल अठरा वर्षांचं झालं, आता त्याचं बँक खातं त्याच्या सहीवर कसं आणायचं?

मुलाच्या नावाचं, पण आई किंवा वडील पालक म्हणून सही करतात असं बचत खातं अठराव्या वर्षी आपोआप मुलाच्या हाती येत नाही. अठराव्या वाढदिवसाचा दिवस सुरू झाला की मूल कायद्याने सज्ञान होतं आणि पालकाचा सहीचा अधिकार संपतो. मुलाची सही मात्र बँकेकडे अजून नसते, किंवा असलीच तर दहा-बारा वर्षांच्या वयातली असते. म्हणून अनेक बँका या काळात पैसे काढणं थांबवतात. बऱ्याच घरांना हे कळतं ते कार्ड चालेनासं झाल्यावर, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची फी भरायची असते.

बँकेतलं काम तासाभराचं असतं. वेळ खातात ती त्याआधीची कागदपत्रं, म्हणून सुरुवात तिथून करा.

समजा, साताऱ्यातल्या एका मुलीचा जन्म 14 ऑगस्ट 2008 चा आहे. ती 14 ऑगस्ट 2026 ला सज्ञान होईल. जून-जुलैतच तिचं आधार तपासून घ्यावं. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा द्यावी लागते. ते राहिलं असेल, तर बँकेत अंगठा लावल्यावर ठसा जुळत नाही. आधारला बाबांचा मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर आधार केंद्रात त्याच फेरीत मुलीकडे असणारा नंबर जोडून घ्या. नाहीतर ओटीपी बाबांच्या फोनवर साताऱ्यात आणि मुलगी पुण्याच्या हॉस्टेलवर, असा खेळ वर्षभर चालतो.

वाढदिवसानंतर पॅन. लहानपणी काढलेल्या पॅन कार्डावर फोटोही नसतो आणि सहीही. नंबर तोच राहतो, पण पॅनमधील बदल किंवा दुरुस्तीचा अर्ज भरून फोटो आणि सही चढवून घ्यावी लागते. पॅन मुळातच नसेल, तर नवीन काढायला टाका.

इथेच सहीचा निर्णय घ्या. पॅनवर जी सही, तीच बँकेत. मराठीत केली तरी चालते, पण मग सगळीकडे मराठीतच. नुसती आद्याक्षरं किंवा नागमोडी रेघ टाळा. पूर्ण नाव सहज, न अडखळता लिहून होईल अशी सही ठेवा. फॉर्मवरच्या चौकटीतली सही स्कॅन होते आणि पुढे चेक आला की कर्मचारी तीच पडद्यावर पाहतो. म्हणून चौकटीबाहेर जाऊ नका आणि गिरवू नका.

नावही जुळवून पाहा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच गायब, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. आधार आणि पॅनवरचं नाव सारखं झाल्याशिवाय बँकेत जाऊ नये, असं माझं मत आहे.

मग शाखेत. मुलीने स्वतः जायचं. सोबत पासबुक, आधार आणि पॅनच्या मूळ प्रती व झेरॉक्स, दोन फोटो. आधी पासबुक भरून घ्या, कारण खातं पालक चालवत होते तर शिल्लक बरोबर असल्याची खात्री बँक करून घेते. ‘अल्पवयीन खातेदार सज्ञान झाल्याबद्दल’चा अर्ज आणि नव्याने केवायसीचा फॉर्म मागा. त्यात मोबाइल नंबर, पत्ता आणि नमुना सही द्यायची असते. खातं यापुढे कोण चालवणार, तेही लिहावं लागतं. बाबांना खात्यात राहायचंच असेल, तर आता पालक म्हणून नाही, संयुक्त खातेदार म्हणून, आणि त्यांचीही केवायसी होईल. नामनिर्देशन आधी पालकाच्या सहीने झालेलं असतं, तेही मुलीच्या सहीने नव्याने करा. चेकबुक आणि कार्डही नवीन मागून घ्या. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायला विसरू नका.

काही दिवसांनी पासबुक पुन्हा छापून बघा. पालकाचं नाव अजून दिसत असेल, तर नोंद अर्धवट राहिली आहे. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच येते, तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर ‘Bank Seeding Status’ मध्ये याच बँकेचं नाव येतं का, तेही पाहा.

मुलीच्या नावाने म्युच्युअल फंड असेल, तर त्यातली एसआयपीही अठराव्या वर्षी थांबते. ती पुन्हा सुरू करायची, तर आधी फंडाकडे सज्ञान झाल्याचा फॉर्म द्यावा लागतो आणि त्यावरची मुलीची सही बँकेकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. बँकेच्या संगणकात नवी सही चढल्याशिवाय शाखा ती साक्षांकित करणार नाही, म्हणून तो फॉर्म खातं पूर्ण बदलल्यावरच न्यावा.