बाळाचे पहिले दात, रात्रीची बाटली आणि टूथपेस्टचा ठिपका: या चुका टाळा

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे आणि दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आयांकडून मला सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "दात तर घासतोच की आम्ही, मग कीड कशी लागली?" खोटं नसतं ते, घासतातच. पण सकाळी घासतात, आणि दात किडतात रात्री. म्हणून आज मुख्य रात्रीबद्दलच लिहिते.

आधी एक केस सांगते. वीस महिन्यांचा मुलगा, आई आणि आजी दोघी घेऊन आल्या होत्या, तक्रार काय तर "पुढच्या दाताचा तुकडा पडलाय". वरचा ओठ हळूच वर उचलून बघितलं तर वरच्या पुढच्या चारही दातांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ, आणि एका दातावर त्या रेघेच्या जागी तपकिरी खळगा पडून कडेचा भाग तुटलेला. खालचे दात मात्र एकदम स्वच्छ! विचारलं तर झोपताना २०० मिली दूध, त्यात दोन चमचे साखर, बाटली तोंडात असतानाच झोप, आणि पहाटे उठला की परत तेच. आजी म्हणाल्या, "दुधाचेच दात आहेत डॉक्टर, पडणारच आहेत ना."

पडणार आहेत आजी, पण कधी? पुढचे साधारण सहा-सात वर्षांचं झाल्यावर, आणि दुधाच्या दाढा तर दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. तोपर्यंत त्यांच्यावरच खायचंय, आणि कीड मुळापर्यंत गेली की खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही त्रास होऊ शकतो.

चूक पहिली: बाटली तोंडात ठेवून झोपवणं

आपण जागे असतो तेव्हा लाळ सतत दात धुत असते आणि तोंडातलं आम्ल कमी करत असते, झोपेत लाळ एकदम कमी होते. अशा वेळी दूध दातांभोवती साचून राहिलं की तोंडातले जंतू त्यातल्या साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दातातले क्षार विरघळवत बसतं, तेही रात्रभर. खालचे पुढचे दात का वाचतात तर चोखताना जीभ त्यांच्यावर झाकणासारखी असते आणि लाळेच्या मोठ्या ग्रंथी तिथेच जवळ असतात. म्हणून वरचे पुढचे चार खराब आणि खालचे चांगले असं दिसलं की पहिला प्रश्न रात्रीच्या बाटलीचाच विचारायचा.

नुसत्या दुधाने एवढं होत नाही असं काहीजण म्हणतात. साखर घातलेलं दूध, गुळाचं नाचणी सत्त्व, ज्यूस हे जास्त वाईट हे खरंच, पण साध्या दुधातही त्याची स्वतःची साखर असते आणि तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या मुलाला तीही पुरते. चोखणीला मध लावून देणं तर अजिबात नको, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध दातांसाठीच नाही तर बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या धोक्यामुळेही द्यायचा नसतो.

अंगावरच्या दुधाबद्दल आया घाबरत घाबरत विचारतात. अंगावर पाजणं बंद करा असं मी सांगत नाही. फक्त वर्षानंतर रात्रभर सारखं तोंडात असेल आणि दिवसाही बिस्किटं, गोड पदार्थ चालू असतील तर धोका वाढतो, म्हणून झोपायच्या आधी दात घासून घ्यायचे आणि बाळ झोपलं की हळूच सोडवायचं.

आता बाटली सोडवायची कशी. एका रात्रीत बंद केली की घर डोक्यावर घेतात आणि तिसऱ्या रात्री आजोबाच बाटली भरून आणतात, हे मी खूप घरांत ऐकलंय. त्या मुलाच्या घरी आम्ही असं केलं: आधी फक्त साखर कमी केली, दोन चमच्यांचा एक, मग अर्धा, मग काहीच नाही. मग झोपतानाच्या बाटलीत १५० मिली दूध आणि ५० मिली पाणी, तीन-चार दिवसांनी निम्मं निम्मं, परत तीन-चार दिवसांनी ५० दूध १५० पाणी, आणि शेवटी नुसतं पाणी. नुसत्या पाण्याच्या बाटलीत मुलाला फारसा रस राहत नाही. आणि जे दूध रात्री कमी केलं ते संध्याकाळी जेवणाबरोबर पेल्यातून दिलं, म्हणजे पोटाची काळजी नाही. हे पाणी मिसळणं फक्त एक वर्षाच्या वरच्या, नीट जेवणाऱ्या मुलासाठी आहे. लहान बाळाच्या फॉर्म्युल्यात जास्तीचं पाणी कधीच घालायचं नाही. वर्षाचं झालं की पेल्याची सवय लावायला घ्या, दीड वर्षापर्यंत बाटली सुटलेली बरी.

आणखी एक, रात्री खोकल्याचं गोड सिरप दिलं असेल तर त्यानंतर पाणी पाजा आणि ओल्या कपड्याने दात पुसा. हे कोणी सांगतच नाही.

चूक दुसरी: पांढरी रेघ "कॅल्शियम कमी" म्हणून सोडून देणं

ही रेघ म्हणजे किडीची पहिली पायरी आहे आणि हीच एक पायरी परत फिरवता येते. महिन्यातून एकदा उजेडात बाळाला मांडीवर आडवं घ्या, वरचा ओठ उचला, स्वच्छ सुती कपड्याने दात कोरडे पुसा. पुसल्यावर निघून गेला तो दुधाचा थर. तसाच राहिला, हिरडीच्या कडेकडेने खडूसारखा, चमक नसलेला पट्टा, तर डॉक्टरकडे जा. पिवळट-तपकिरी झालं किंवा खळगा दिसला तर वाट बघू नका. उलट लोहाचं सिरप चालू असेल तर दातांवर काळे डाग येतात, ते वरवरचे असतात, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, खळगा नसतो, ती कीड नाही.

चूक तिसरी: फ्लोराइडला घाबरणं, नाहीतर ब्रशभर पेस्ट लावणं

दोन्ही टोकं बघते मी. काही घरांत "गिळलं तरी चालेल" म्हणून फ्लोराइड नसलेलीच पेस्ट आणतात, तिच्याने तोंडाला वास चांगला येतो पण किडीपासूनचं मुख्य संरक्षण मिळत नाही. काही घरांत जाहिरातीत दिसते तशी ब्रशभर लांब पट्टी लावतात. खरं उत्तर पेस्टच्या प्रमाणात आहे.

पहिला दात दिसला की सुरू करायचं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका, तोही ब्रशच्या केसांत दाबून, म्हणजे मूल चाटून खात नाही. तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं सगळ्यात शेवटी, त्यानंतर फक्त पाणी. ट्यूबवर फ्लोराइडचा पीपीएम आकडा वाचा, १००० च्या आसपास हवा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच पेस्टमध्ये एवढं नसतं, त्यामुळे पुढचं कार्टून नाही, मागची बारीक अक्षरं बघून घ्या.

हिशोब सोपा आहे. १००० पीपीएम म्हणजे १ ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड. तांदळाएवढा ठिपका साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे बाळाने सगळा गिळला तरी ०.१ मिलिग्रॅम, दोन वेळचं ०.२. ब्रशभर पट्टी एक ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे दहापट, आणि दीड वर्षाचं मूल थुंकत नाही, गिळतं. असं रोज झालं तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके येऊ शकतात. आणि ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. १० किलोच्या मुलाने ५० ग्रॅमची ट्यूब संपवली तर ते फ्लोराइड धोक्याच्या पातळीला पोचतं, थेट हॉस्पिटल गाठायचं. थोडीशी चाटली असेल तर दूध पाजा आणि लक्ष ठेवा, उलट्या व्हायला लागल्या किंवा नक्की किती गेली कळत नसेल तर डॉक्टरला फोन करा.

बोअरचं पाणी पिणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. अशा भागात पाणी आधी तपासून घ्या, उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतं. पेस्ट बंद करायची की नाही ते रिपोर्ट डॉक्टरला दाखवून ठरवा.

घासायचं मोठ्यांनीच, मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत. छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घ्या, मुलाचं डोकं मांडीवर, ओठ बोटाने वर धरून हिरडीच्या कडेवर फिरवा, कारण रेघ तिथेच येते. नंतर खळखळून चूळ भरायला लावू नका, जास्तीचा फेस पुसून घ्या. लाल-काळं खरखरीत दंतमंजन नको, आणि मिश्री तर तंबाखूच आहे, बोटभरसुद्धा नाही.

चूक चौथी: दुखल्यावरच डेंटिस्टकडे जाणं

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, किंवा पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवायचं. दुखायला लागल्यावर पहिल्यांदा आलेलं मूल खुर्चीला कायमचं घाबरतं. "सुई टोचतील हं" असं घरी म्हणायचं नाही. सकाळी, झोप झालेली असताना आणा.

एवढ्याशा मुलाला खुर्चीत बसवत नाहीत. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल आईकडे तोंड करून बसतं आणि मग डोकं डॉक्टरच्या मांडीवर टेकवतात. रडतं, रडू द्या, तोंड उघडतं तेवढ्यात बघून होतं. गरज असेल तर फ्लोराइड व्हार्निश लावतात, ब्रशने पातळ चिकट थर, दात थोडे पिवळट दिसतात, त्या रात्री ब्रश नाही आणि कडक खायला नाही, सकाळी घासून काढायचं. धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी, नाहीतर सहा. मुलांच्या दातांचे खास डॉक्टर जवळ नसतील तर साध्या डेंटिस्टकडेही पहिली तपासणी होते, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजात मुलांचा वेगळा विभाग आहे.

त्या वीस महिन्यांच्या मुलाला व्हार्निश लावलं आणि खळगा पडलेल्या दाताला सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड. ते लावलं की कीड काळी पडते, हे आईला आधीच दाखवून, विचारून मगच लावलं, कारण पुढचा दात काळा दिसणं सगळ्यांना चालत नाही, पण बधिर न करता, ड्रिल न लावता कीड थांबवता येते. तीन महिन्यांनी आले तेव्हा बाटली सुटलेली होती, तीन दातांवरच्या रेघा कडक आणि चकचकीत झाल्या होत्या, चौथा काळा पण टणक, पुढे किडला नव्हता. पांढरेपणा पूर्ण गेला नाही, जात नाहीच बऱ्याचदा, खडूसारखा मऊपणा गेला हे बघायचं असतं.

गाल सुजला, डोळ्याखाली सूज आली, हिरडीवर पुळी आली किंवा सोबत ताप असेल तर घरगुती लवंग लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.