किराणा दुकानासाठी गुमास्ता: नोंदणी नव्हे, सूचना

महाराष्ट्रात दोन मदतनीस ठेवून किराणा दुकान टाकणाऱ्याला ‘गुमास्ता लायसन काढून देतो’ म्हणत एजंट हजारो रुपये सांगतात. देऊ नका. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागतच नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत फॉर्म एफ भरून सूचना द्यायची आणि फॉर्म जी ही पावती घ्यायची, एवढंच. तिचं नूतनीकरणही नसतं. म्हणून ‘दरवर्षी रिन्यू करावं लागेल’ असं कोणी म्हणालं, तर तो जुन्या कायद्यावर पैसे मागतोय असं समजा.

‘आपले सरकार’ पोर्टलवर खातं उघडा, कामगार विभाग निवडा, अर्ज भरा. ते सोपं आहे.

खरा घोळ पत्त्याचा. भाडेकरारात ‘गाळा क्र. ४, तळमजला’, वीजबिलात ‘शॉप ४’ आणि मालमत्ता कराच्या बिलात भलताच घरक्रमांक, असं सर्रास असतं. मग बँक चालू खातं उघडताना पावती आणि करार शेजारी ठेवते आणि अडवते. माझंही चालू खातं अशाच फरकापायी रखडलं होतं. त्यामुळे माझा आग्रह असा: करार करण्याआधीच मालकाकडून कराचं बिल मागा, त्यातला पत्ता करारात अक्षर न् अक्षर उतरवा आणि तोच अर्जात टाका. वीजबिल मालकाच्या नावावर असेल तर त्याचं ना-हरकत पत्र त्याच दिवशी सही करून घ्या. डिपॉझिट हातात पडल्यावर मालक फोन उचलायला वेळ लावतात.

दुसरी अडचण फोटोची. दुकानाचा फोटो पाटीसकट लागतो आणि पाटी मराठीत, देवनागरीत हवी. इंग्रजी नाव लिहायचं तर मराठी अक्षरं त्याहून लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे छोट्या दुकानांनाही लागू आहे. तेव्हा आधी पेंटर, मग अर्ज. नाव अर्जात आणि पाटीवर एकच ठेवा. ‘श्री गणेश किराणा’ आणि ‘गणेश ट्रेडर्स’ असं नको.

आता महापालिकेचा व्यवसाय परवाना. तो सरसकट प्रत्येक दुकानाला लागत नाही. कायद्याने ठरवलेल्या मालाच्या साठ्याला आणि धंद्यांना लागतो. दुकानात पिठाची चक्की बसवणार असाल किंवा ज्वालाग्राही माल ठेवणार असाल, तर परवाना विभागात यादी पाहूनच गाळा घ्या. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची नोंदणी वेगळी, तराजूची पडताळणी वेगळी.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फॉर्म जी तुम्हीच दिलेल्या माहितीवर मिळतो; जागा तपासून दिलेली ती परवानगी नव्हे. गाळा अनधिकृत असेल, तर अतिक्रमणवाल्यांपुढे ही पावती धरून काही उपयोग होत नाही.