व्हेरियन्सची बेरीज जुळत नाहीये? या चुका टाळा (आणि जुळली तरी थांबून बघा)

स्टँडर्ड कॉस्टिंगचं गणित सोडवताना स्वतःचं उत्तर स्वतःच तपासायची सोय आहे, आणि तरी बरेच जण ती वापरतच नाहीत. प्राइस आणि युसेज व्हेरियन्स काढून झाले की त्यांची बेरीज करायची आणि ती ॲक्चुअल कॉस्ट वजा स्टँडर्ड कॉस्ट एवढीच येते का ते बघायचं. नाशिकमध्ये बी.कॉम., एम.कॉम., सीएमए करणारी एवढी मुलं आहेत, फॉर्म्युले सगळ्यांचे पाठ असतात, पण बेरीज जुळली नाही की पूर्ण गणित खोडून पहिल्यापासून करायला बसतात. त्याची गरज नसते. फरक किती आलाय हे नीट बघितलं तर बहुतेक वेळा चूक कुठे आहे ते त्या आकड्यातूनच कळतं.

एक उदाहरण घेऊ, पुढे सगळीकडे तेच वापरू. समजा अंबड एमआयडीसीत मिसळीचा मसाला बनवणारं एक छोटं युनिट आहे. सोपं राहावं म्हणून मसाल्यात दोनच माल धरू, मिरची आणि धणे. स्टँडर्ड असं की ६० किलो मिरची २०० रुपये दराने आणि ४० किलो धणे १०० रुपये दराने घेतले की १०० किलो कच्च्या मालातून ९० किलो मसाला मिळतो, बाकीचे १० किलो देठ, कचरा आणि भाजताना उडणारा ओलावा यात जातात. म्हणजे ९० किलोला १६,००० रुपये.

महिन्यात प्रत्यक्षात मसाला निघाला १,८०० किलो. वापरली गेली १,३०० किलो मिरची २१० च्या दराने आणि ८०० किलो धणे ९५ च्या दराने.

आता सगळ्यात आधी टोटल काढा, बाकी व्हेरियन्सना हात लावायच्या आधी, आणि कोपऱ्यात वेगळी लिहून ठेवा. ॲक्चुअल कॉस्ट म्हणजे २,७३,००० अधिक ७६,०००, एकूण ३,४९,०००. स्टँडर्ड कॉस्ट म्हणजे १,८०० किलो मसाल्याला जेवढा माल लागायला हवा होता तेवढा, १,२०० किलो मिरची आणि ८०० किलो धणे, स्टँडर्ड दराने ३,२०,०००. ॲक्चुअल वजा स्टँडर्ड २९,००० जास्त, म्हणजे २९,००० ॲडव्हर्स. ही टोटल स्वतंत्रपणे काढणं फार महत्त्वाचं आहे, कारण काही जण प्राइस आणि युसेज काढतात, त्यांचीच बेरीज करून त्याला टोटल म्हणतात आणि मग "जुळलं" म्हणून खाली दोन रेघा मारतात. त्यात तपासणी झालीच नाही, तोच आकडा दोनदा लिहिला गेला.

प्राइस व्हेरियन्स: मिरचीला किलोमागे १० रुपये जास्त गेले, १,३०० किलोवर १३,००० ॲडव्हर्स. धण्यात किलोमागे ५ वाचले, ८०० किलोवर ४,००० फेव्हरेबल. मिळून ९,००० ॲडव्हर्स. युसेज: मिरची १०० किलो जास्त गेली, २०० च्या दराने २०,००० ॲडव्हर्स, धण्यात शून्य. ९ आणि २०, २९,०००. जुळलं.

आता कुठे कुठे बिघडतं ते बघू.

बजेटचं आउटपुट धरणं

ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती या तपासणीत पकडलीच जात नाही. गणितात बहुतेक वेळा बजेटचं प्रॉडक्शनही दिलेलं असतं, आपल्या उदाहरणात समजा महिन्याचं बजेट १,९८० किलो मसाल्याचं होतं. कोणी स्टँडर्ड त्यावर काढलं तर कच्चा माल २,२०० किलो येतो, मिरची १,३२० आणि धणे ८८०, स्टँडर्ड कॉस्ट ३,५२,०००. मग टोटल व्हेरियन्स येतो ३,००० फेव्हरेबल! युसेजही त्याच आकड्यांवर काढला तर मिरचीत ४,००० फेव्हरेबल आणि धण्यात ८,००० फेव्हरेबल, मिळून १२,००० फेव्हरेबल, त्यातून प्राइसचे ९,००० वजा केले की ३,००० फेव्हरेबल. बेरीज अगदी बरोब्बर जुळली आणि उत्तर पूर्ण चुकलं. मसालाच १८० किलो कमी बनवला म्हणून कमी माल लागला, त्यात बचत कसली?

बेरीज इथे जुळते कारण चुकीची स्टँडर्ड क्वांटिटी दोन्ही बाजूंना सारखीच बसलेली असते. म्हणून स्टँडर्ड क्वांटिटीपुढे प्रत्येक वेळी "इतक्या किलो ॲक्चुअल आउटपुटसाठी" असं कंसात लिहायची सवय लावा, चार शब्द जास्त लिहावे लागतात पण ही चूक दुसऱ्या कशानेच दिसत नाही. आणि टोटलमध्ये बजेटचं आउटपुट पण युसेजमध्ये ॲक्चुअलचं अशी सरमिसळ झाली तर मात्र फरक दिसतो, आपल्याकडे तो ३२,००० येईल, म्हणजे बरोबर दोन स्टँडर्ड कॉस्टमधला फरक, ३,५२,००० वजा ३,२०,०००. एवढा मोठा फरक आला की आधी आउटपुटचाच आकडा बघा.

चारही व्हेरियन्स एकत्र मिळवणं

मिक्स आणि यील्ड आले की हे हमखास होतं. एकूण २,१०० किलो माल गेला, तो ६०:४० ने वाटला तर मिरची १,२६० आणि धणे ८४० किलो हवे होते. मिरची ४० किलो जास्त, म्हणून ८,००० ॲडव्हर्स, धणे ४० किलो कमी, म्हणून ४,००० फेव्हरेबल, मिक्स व्हेरियन्स ४,००० ॲडव्हर्स. यील्डचं म्हणाल तर २,१०० किलोतून १,८९० किलो मसाला निघायला हवा होता, निघाला १,८००, ९० किलो कमी, आणि ९० किलोची स्टँडर्ड कॉस्ट आपल्याला माहितीच आहे, १६,००० ॲडव्हर्स.

आता प्राइस ९, युसेज २०, मिक्स ४, यील्ड १६ असं सगळं मिळवलं तर ४९,००० येतात, टोटल आहे २९,०००. फरक २०,०००, आणि २०,००० म्हणजेच युसेज. मिक्स आणि यील्ड हे युसेजच्याच पोटातले दोन तुकडे आहेत, ४ आणि १६ मिळून २०. म्हणून बेरीज दोन पायऱ्यांत तपासा, आधी मिक्स अधिक यील्ड बरोबर युसेज, मग युसेज अधिक प्राइस बरोबर टोटल. पहिली पायरी जुळली आणि दुसरी नाही तर चूक बहुतेक प्राइसमध्ये किंवा टोटलमध्ये आहे, मिक्स-यील्ड परत करायची गरज नाही, परीक्षेत यानेच कितीतरी वेळ वाचतो.

यील्डमध्ये अजून एक बारीक गोष्ट. मसाल्याची किलोमागे स्टँडर्ड कॉस्ट १७७.७७७... अशी येते. ती १७८ धरली तर यील्ड १६,०२० होतो आणि बेरीज २० रुपयांनी हुकते. ही चूक नाही, राउंडिंग आहे, पण खात्री करायला ३,२०,००० गुणिले ९० भागिले १,८०० असं सरळ करून बघा, पूर्ण १६,००० येतात.

खरेदी आणि वापर यांची गल्लत

समजा मिरची १,५०० किलो घेतली, नंदुरबारहून एकदम माल भरला, पण वापरली १,३०० च. प्राइस व्हेरियन्स खरेदीवर काढला तर मिरचीत १५,००० ॲडव्हर्स येतो आणि बेरीज होते ३१,०००. टोटलपेक्षा २,००० जास्त. हे २,००० कुठले? गोदामात पडलेल्या २०० किलोवरचे १० रुपये.

खरेदीवर प्राइस व्हेरियन्स काढणं चूक नाहीये हे लक्षात घ्या, कच्च्या मालाचा स्टॉक स्टँडर्ड दराने ठेवला असेल तर तो खरेदीवरच काढतात. पण मग वापरलेल्या मालाच्या ॲक्चुअल कॉस्टशी तो थेट जुळणार नाही, शिल्लक स्टॉकवरचा भाग वेगळा दाखवावा लागतो. प्रश्नात ओपनिंग किंवा क्लोजिंग स्टॉक दिसला की आधी ठरवा की प्राइस कशावर काढताय, आणि फरक आला तर तो शिल्लक किलो गुणिले दरातला फरक एवढाच आहे का ते बघा.

चिन्हाची चूक

धण्याचे ४,००० फेव्हरेबलऐवजी ॲडव्हर्स धरले तर बेरीज ३७,००० होते, फरक ८,०००, म्हणजे त्या व्हेरियन्सच्या दुप्पट. त्यामुळे फरक आला की त्याचा अर्धा करा आणि तो आकडा आपल्या यादीत कुठे आहे का ते शोधा. पुस्तकात बऱ्याचदा स्टँडर्ड वजा ॲक्चुअल असतं, इथे आपण ॲक्चुअल वजा स्टँडर्ड घेतलंय, कुठलंही चालेल पण एका गणितात एकच, आणि शेवटी ए की एफ ते लिहाच.

तपासणी फक्त एकूण आकड्यावर न करता मालवार पण करा. मिरची: २,७३,००० वजा २,४०,००० म्हणजे ३३,००० ॲडव्हर्स, तिचे प्राइस आणि युसेज १३ आणि २०. धणे: ७६,००० वजा ८०,००० म्हणजे ४,००० फेव्हरेबल. कधी कधी एका मालातली चूक दुसऱ्यातल्या चुकीने झाकली जाते आणि एकूण बेरीज उगाच जुळते, ते इथे उघडं पडतं.

जुळतं, पण दर चुकीचा

ही शेवटची, आणि मालवार तपासूनही न सापडणारी. मिरचीचा प्राइस व्हेरियन्स कोणी १,२०० किलोवर काढला, म्हणजे १२,०००, आणि युसेज २१० च्या दराने काढला, म्हणजे २१,०००, तरी बेरीज ३३,००० च येते. प्राइसला ॲक्चुअल क्वांटिटी आणि युसेजला स्टँडर्ड दर असतो, इथे दोन्ही उलटे झालेत आणि दोन्ही चुका एकमेकींना बरोबर १,००० रुपयांनी कापतात. हे १,००० म्हणजे जास्त गेलेल्या १०० किलोवरची १० रुपयांची दरवाढ.

ते १,००० कोणाच्या नावावर पडतात याने कारखान्यात खरंच फरक पडतो. भट्टीवरच्या सुपरवायझरने १०० किलो मिरची जास्त वापरली त्याचा जाब त्याला २०० च्या दरानेच विचारला पाहिजे, बाजारात भाव वाढला तो त्याच्या हातात नव्हता. खरेदीवाल्याने सगळी १,३०० किलो २१० ने आणली म्हणून दराचा पूर्ण हिशोब त्याच्याकडे जातो. त्यामुळे बेरीज जुळल्यावरही प्रत्येक ओळीत किलो कुठले आणि दर कुठला घेतलाय ते एकदा बोट ठेवून बघा, प्राइसच्या ओळीत स्टँडर्ड किलो दिसले किंवा युसेजच्या ओळीत ॲक्चुअल दर दिसला की तिथेच दुरुस्त करा.