चैत्रगौरीसाठी कलिंगडाची परडी आणि गाजराची फुलं

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आरास म्हटली की कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे आणि कोरलेलं कलिंगड हे ठरलेलंच. आमच्याकडे कलिंगडाचं कमळ आजी करायची. मी परडी करते, कारण तिच्यात फळं भरून बायकांच्या हातात देता येतात. कोरायला फार कौशल्य लागत नाही. पण दांडी तुटणं आणि बोट कापणं हे दोन घोटाळे हमखास होतात, आणि दोन्ही टाळता येतात.

कलिंगड लांबट आणि जाड सालीचं घ्या. गडद हिरवी, गोल, पातळ सालीची कलिंगडं खायला छान असतात, पण त्यांची दांडी टिकत नाही. फार पिकलेलंही नको, त्याचा गर रवाळ होऊन चमच्याबरोबर ढासळत जातो. मी साधारण चार किलोचं आणते. ते 25 सेंटिमीटर लांब भरतं आणि पाटावर नीट बसतं. कापण्याआधी साल वाहत्या पाण्याखाली घासून धुवा. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर थेट गरात जातात. मग ते अगदी कोरडं पुसा, कारण ओलं कलिंगड हातातून सटकतं आणि बहुतेक वेळा बोट तेव्हाच कापतं.

सुरी दोन प्रकारची हवी: एक लांब पात्याची आणि एक छोटी, टोकदार. दोन्ही धारदार असू द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि साल अचानक फुटली की तो सगळा जोर पुढच्या हातावर येतो. कलिंगडाच्या टणक सालीवर हे फारच पटकन होतं. पाटाखाली ओला फडका पसरा म्हणजे पाट सरकत नाही. फळ मांडीवर किंवा हातात धरून कापू नका. उभं राहून, टेबलावरच काम करा. विळीचा मोह इथे आवरा. तिचं पातं तुमच्याकडे वळलेलं असतं आणि इतकं जड, गोल फळ दोन्ही हातांनी त्यावर सांभाळणं अवघड.

आधी बूड सपाट करून घ्या. कलिंगड आडवं ठेवून जमिनीला टेकलेल्या पिवळ्या डागाच्या बाजूची साल पातळ, अर्ध्या सेंटिमीटरची कापा. आत पांढरा थर दिसला की थांबा. लाल गर उघडा पडला तर परडीतून रस गळत राहतो आणि पाटावरची रांगोळी भिजते.

आता खुणा करा. टूथपिकने सालीवर हलकं ओरखडलं तरी रेघ दिसते. वरच्या मधोमध दांडीसाठी चार सेंटिमीटर रुंदीची पट्टी ठेवा, म्हणजे आडव्या रुंदीत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोन रेघा. उंचीच्या निम्म्याहून थोडी वर, सगळ्या बाजूंनी काठाची रेघ ओढा. दांडीच्या रेघा काठाच्या रेघेला जिथे मिळतात, तिथे चार कोपरे होतात. त्या प्रत्येक कोपऱ्यात टूथपिक आत खोचून भोक पाडा. सुरी तिथे आली की थांबायचं. या कोपऱ्यांच्या पुढे काप गेला तर दांडीच्या मुळाशी चीर पडते आणि परडी भरताना तीच चीर दांडी तोडते.

मोठ्या सुरीने आधी दांडीच्या दोन्ही बाजूंना उभे काप घ्या, वरून काठाच्या रेघेपर्यंत. मग छोट्या सुरीने काठाच्या रेघेवर नागमोडी काप करा. सुरी तिरकी खुपसा, बाहेर काढा, उलट दिशेला तिरकी खुपसा. प्रत्येक वेळी पात्याचं टोक फळाच्या मध्यापर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर वरचा तुकडा निघत नाही आणि ओढताना काठाचे दात तुटतात. निघत नसेल तर ओढू नका. त्याच खाचांतून सुरी पुन्हा एकदा खोल फिरवा. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे किंवा बाजूला असावा, पुढे कधीच नाही. सुरी पडली तर धरायला जाऊ नका, मागे सरा आणि पडू द्या.

दोन्ही तुकडे निघाले की दांडीखालचा गर छोट्या सुरीने सोडवा आणि बाकीचा चमच्याने काढा. दांडीला आतून एक सेंटिमीटर गर राहू द्या. एका वर्षी मी दांडी सुबक दिसावी म्हणून पांढरा थरही खरवडला. ती संध्याकाळी, पहिल्या दहा बायका येण्याआधीच तुटली. परडी उचलतानाही बुडाखाली दोन्ही हात घाला. दांडी फक्त शोभेची.

फुलांसाठी गाजर सगळ्यात सोपं. लोक कांद्याचं कमळ सुचवतात, दिसतंही सुरेख, पण बऱ्याच घरांत गौरीपुढे कांदा चालत नाही. गाजर जाड आणि सरळ घ्या, सोला आणि एका टोकाला चारी बाजूंनी छाटून चौकोनी अणी करा. मग गाजर तिरकं धरून ती अणी पाटावर टेकवा. अणीच्या अडीच सेंटिमीटर वरून एका सपाट बाजूवर पातं ठेवा आणि पेन्सिल सोलतो तसं, अंगापासून दूर, अणीकडे दोन मिलिमीटर जाडीचा काप न्या. अणीच्या अगदी जवळ थांबा, काप तोडायचा नाही. चारही बाजूंनी असं करून गाजर हळूच पिळलं की चार पाकळ्यांचं, वाटीसारखं फूल सुटून येतं. पाकळी तुटली तर काप जास्त पुढे गेलाय. फूल सुटलंच नाही तर काप पुरेसे खोल नाहीत. उरलेल्या गाजराला पुन्हा अणी करा, एका गाजरात चार-पाच फुलं निघतात. गाजर बोटभर उरलं की थांबा आणि ते कोशिंबिरीत टाका. तेवढ्याशा तुकड्यावर बोटं पात्याच्या फार जवळ येतात.

फुलं बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. कापलेल्या पेशी पाणी शोषून फुगतात, म्हणून पाकळ्या कडक होतात आणि किंचित उमलतात. पाण्यात मीठ घालू नका, त्याने उलट पाणी बाहेर येऊन फूल मलूल पडतं. फुलं अर्ध्या टूथपिकने परडीच्या काठावर खोचा आणि किती काड्या वापरल्या ते मोजून ठेवा. रात्री आरास काढताना तेवढ्याच परत आल्या पाहिजेत, लहान मुलं फळांबरोबर काडीही तोंडात घालतात.

परडी सकाळी कोरून ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. कलिंगड, द्राक्षं, खरबूज हे काप वेगळ्या डब्यात गार करा आणि पाहुण्या येतील तेव्हाच भरा. कापलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. चैत्रात खोलीतलं तापमान 32 अंशांच्या वर असतं, तेव्हा एका तासातच बदला. सबंध संध्याकाळ आरास राहणार असेल तर गौरीपुढच्या परडीत थोडीच फळं ठेवा आणि वाटायची फळं फ्रिजमधून आणा.

बोट कापलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि सलग दहा मिनिटं दाब सोडू नका, मधेमधे उघडून पाहू नका. रक्त थांबत नसेल, जखम उघडी राहत असेल किंवा बोट बधिर वाटत असेल तर सरळ दवाखान्यात जा. काम झालं की सुऱ्या साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, फेसात त्या दिसत नाहीत आणि नंतर भांडी घासणाऱ्याच्या हाताला लागतात. लगेच धुवून, पुसून जागेवर ठेवा.