काउंटरवरची वाय-फायची पाटी: या चुका टाळा

पाटी लावूनही दर थोड्या वेळाने कोणीतरी “पासवर्ड काय?” असं विचारतंच, तर दोष गिऱ्हाइकाचा नाही, पाटीचा आहे. एक नमुना बघू. अशा पाट्या सर्रास दिसतात:

```
फ्री वाय-फाय!!!
Password: CafeO0Il1@;
जास्त वेळ बसू नये.
व्हिडिओ पाहण्यास सक्त मनाई.
```

पहिली उणीव म्हणजे नेटवर्कचं नावच नाही. फोनवर यादी उघडली की शेजारच्या दुकानांचीही नेटवर्कं दिसतात, शिवाय तुमचीच दोन-तीन असतात. त्यात एखादं बिलिंगच्या मशीनसाठीचं असेल, तर गिऱ्हाईक नेमकं त्यालाच जोडायला बघतं. नाव पाटीवर जसंच्या तसं, रोमन लिपीत छापा. मराठी पाटी म्हणून ते “कॅफे गेस्ट” असं लिहिलं, तर समोरचा यादीत शोधणार काय?

दुसरी गोची पासवर्डची. वरच्या पासवर्डात O आणि 0, I, l आणि 1 शेजारी शेजारी आहेत. बऱ्याच फाँटमध्ये ते वेगळे ओळखू येत नाहीत. पासवर्डात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, त्यामुळे अंदाजाने टाइप केलेला पासवर्ड हमखास चुकतो. शेवटचा अर्धविराम पासवर्डाचा भाग आहे की चुकून राहिलाय, हेही कळत नाही. नवा पासवर्ड सगळा लहान अक्षरांत, तोंडी सांगता येईल असा ठेवा. किमान आठ अक्षरं लागतात. पासवर्डातले आकडे पाटीवरही इंग्रजीच हवेत. “४७” छापलं तर कोणी मराठी कीबोर्डवरून तेच टाइप करेल आणि नेटवर्क जोडलं जाणार नाही.

क्यूआर कोड लावला की प्रश्न मिटतो असं वाटतं, पण लॅपटॉपवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून अक्षरी माहिती राहू द्याच. कोडमध्ये दडलेला मजकूर साधारण असा असतो:

```
WIFI:T:WPA;S:Cafe_Guest;P:morpankh47;;
```

यात अर्धविराम ही एकेक भाग वेगळा करणारी खूण आहे. पासवर्डातच अर्धविराम असेल आणि त्याच्या आधी \ नसेल, तर फोन पासवर्ड तिथेच संपला असं धरतो. कोड स्कॅन होतो, नेटवर्क मात्र जोडत नाही. हे लक्षण दिसलं की आधी इथे बघा. आणि मुळात स्कॅनच होत नसेल तर लॅमिनेशनची चकाकी तपासा: पाटीवर थेट दिवा पडत असेल तर ती थोडी कलती करा किंवा मॅट कागद वापरा. कोडाभोवती पांढरी कड मोकळी सोडा. सजावटीची चौकट अगदी चिकटवली की कॅमेरा गोंधळतो. पासवर्ड बदलला की कोडही नव्याने छापावा लागतो, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं.

आता मर्यादा. “जास्त वेळ” म्हणजे किती? ज्याला थांबायचं आहे त्याच्या मते ते कधीच जास्त नसतं, आणि जो भिडस्त आहे तो कप रिकामा होताच उठतो. “सक्त मनाई” हा शब्दप्रयोग तर विजेच्या डीपीवर शोभतो. मर्यादा कधी, किती आणि पुढे काय, एवढं सांगा:

```
वाय-फाय: Cafe_Guest
पासवर्ड: morpankh47

दुपारी १ ते ३ गर्दी असते. त्या वेळेत
एका ऑर्डरवर एक तास वाय-फाय वापरावं, ही विनंती.
इतर वेळी निवांत बसा.
व्हिडिओ कॉल किंवा मोठं डाउनलोड शक्यतो टाळा;
सगळ्यांचा वेग कमी होतो.
```

कारण दिलं की विनंती पटते. “शक्यतो” असं लिहून ठेवल्यावर एखाद्याला दोन मिनिटांच्या कॉलवरून टोकायला मात्र जाऊ नका. राउटरवर वेळेचं बंधन लावलेलं नसेल, तर “एक तासाने आपोआप बंद होईल” असंही लिहू नका. ते खोटं आहे हे पहिल्याच दिवशी उघड होतं.

राहिली जागा. पाटी बिल देण्याच्या जागेसमोर असली की लोक पैसे देऊन तिथेच उभे राहून टाइप करत बसतात आणि मागची रांग खोळंबते. ती ऑर्डर हातात मिळते त्या टोकाला, उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास ठेवा. गर्दीच्या वेळेची ओळ मात्र बिलाच्या जागीही एकदा दिसू द्या, कारण लॅपटॉप उघडून बसल्यावर ती कळली तर माणूस साहजिकच कुरकुरतो.

लावण्यापूर्वी पाटी कधीच न पाहिलेल्या एखाद्याला रांगेत उभं करा, न बोलता नेटवर्क जोडायला सांगा. त्याचा फोन तुमच्या नेटवर्कशी आधी कधी जोडलेला नसावा, नाहीतर तो आपसूक जोडला जाईल आणि पाटीची परीक्षाच होणार नाही.