टाकी भरलेली असताना लेव्हल डोलते? गेन शेड्युलिंगमधल्या या चुका टाळा

लेव्हलच्या ट्रेंडवर लाट दिसली की बहुतेकांचा हात गेनकडे जातो आणि गेन खाली येतो. फ्लोच्या लूपवर हे बऱ्याचदा जमून जातं. शंकूच्या टाकीत मात्र हीच सवय महागात पडते. मी स्वतः एका रात्रपाळीत तीनदा गेन कमी केला होता आणि प्रत्येक वेळी लाट आणखी लांबलचक झाली. सकाळी ऑपरेटरने विचारलं, "साहेब, तुम्ही हात लावायच्या आधी बरं नव्हतं का?" बरंच होतं.

आकडे घेऊन बघू. नरसाळ्यासारखी टाकी, खोली २.५ मीटर, तोंडाशी त्रिज्या १.२५ मीटर. खालून पंप ठरलेल्या दराने माल खेचतो. लेव्हल सांभाळतो वरचा इनलेट व्हॉल्व्ह, पूर्ण उघडला तर मिनिटाला ५०० लिटर. ट्रान्समीटरची रेंज शून्य ते २.५ मीटर. लेव्हल अर्ध्या मीटरवर असताना पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर असतं, १ मीटरवर ०.७९ आणि २ मीटरवर ३.१४. म्हणजे तेवढ्याच जादा पाण्याने खाली लेव्हल जितकी झपाट्याने चढते, त्याच्या सोळाव्या हिश्शाने ती वर चढते.

आता कुणीतरी १ मीटरवर व्यवस्थित ट्यूनिंग केलं: गेन २, इंटिग्रल टाइम ८ मिनिटं. तिथे लूप छान बसतो. तेच आकडे ठेवून लेव्हल २ मीटरवर नेली की तासाभराची संथ लाट सुरू होते. कारण साधं आहे. असा लूप किती शांत राहील हे गेन आणि इंटिग्रल टाइम यांच्या गुणाकाराला क्षेत्रफळाने भागून ठरतं. डॅम्पिंग या भागाकाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतं. क्षेत्रफळ चौपट झालं, गुणाकार तोच राहिला, म्हणून डॅम्पिंग १ वरून ०.५ वर आलं. त्यात गेन आणखी चौथाई केला तर डॅम्पिंग ०.२५ होतं आणि लाटेची लांबी तासावरून पावणेदोन तासांच्या आसपास जाते. माझ्या त्या रात्री नेमकं हेच झालं होतं.

लाटेचा वेग बघून रोग ओळखता येतो. भरलेल्या टाकीत पाऊण-एक तासाची संथ लाट असेल तर गेन कमी पडतोय किंवा इंटिग्रल फार घाईत आहे. तळाजवळ मिनिटा-दोन मिनिटांची भराभर थरथर असेल तर गेन जास्त आहे, कारण तिथे टाकी इतकी चपळ होते की व्हॉल्व्हचा आणि ट्रान्समीटरचा उशीर आड येतो. मात्र पॅकिंग घट्ट झालेला, अडकत सरकणारा व्हॉल्व्हही संथ लाट काढतो. म्हणून आधी लूप मॅन्युअलवर टाका. लाट थांबली तर ती लूपमधून येत होती, पण दोष ट्यूनिंगचा की व्हॉल्व्हचा हे अजून कळत नाही. मग आउटपुट अर्धा-अर्धा टक्का सरकवा आणि व्हॉल्व्ह खरंच हलतोय का, ते बघा.

टेबल उलटं लिहिणं

लेव्हलप्रमाणे गेन बदलत नेणं म्हणजे गेन शेड्युलिंग, आणि कोणत्या लेव्हलला किती गेन हे टेबलात लिहितात. ते उलटं लिहिण्याची चूक हुशार माणसं करतात. समजा खाली पंप नाही, माल नुसत्या उताराने वाहून जातो. प्रत्येक लेव्हलला स्टेप टेस्ट घेतली आणि लेव्हल शेवटी किती बदलली त्यावरून प्लांटचा गेन काढला. बाहेर जाणारा प्रवाह लेव्हलच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. त्यामुळे हा शेवटचा गेन २ मीटरवर अर्ध्या मीटरच्या दुप्पट निघतो. मग टेबलात वरच्या लेव्हलला कंट्रोलरचा गेन निम्मा लिहिला जातो. खरं तर तो सोळापट हवा होता, कारण तिथे टाइम कॉन्स्टंट बत्तीसपट झालेला असतो. लूपच्या नजरेच्या टप्प्यात सगळी टाकी भरेपर्यंतचा काळ येतच नाही, त्याला दिसतो तो सुरुवातीचा चढ. तेव्हा स्टेप दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत लेव्हल दर मिनिटाला किती चढली ते मोजा आणि त्याच्या व्यस्त प्रमाणात गेन ठेवा. आपल्या टाकीसाठी `Kc = 2·h²`, h मीटरमध्ये: अर्ध्या मीटरवर ०.५, १ मीटरवर २, २ मीटरवर ८. इंटिग्रल टाइम सगळीकडे ८ मिनिटं.

आता ८ हा गेन प्रत्यक्षात पेलत नाही. पृष्ठभागावर १ टक्क्याची हिंदकळ असली तर व्हॉल्व्ह ८ टक्के नाचतो आणि वर्षभरात पॅकिंग जातं. मग गेनला ५ वर टोपी घाला, पण त्याच वेळी इंटिग्रल टाइम जवळपास १३ मिनिटांवर न्या, म्हणजे गुणाकार राखला जातो. टोपी घालून इंटिग्रल विसरणं, हीच संथ लाट परत बोलावण्याची दुसरी वाट.

गेन बदलताना व्हॉल्व्हला धक्का

काही ठिकाणी पीएलसीत हाताने लिहिलेला पीआय असतो, तो असा:

```
S = S + e*dt
u = Kc*(e + S/Ti)
```

लूप स्थिर आहे, एरर शून्य, आउटपुट ४० टक्के. लेव्हल १ मीटरवरून १.४ वर गेली, गेन २ वरून ४ झाला, आणि साठवलेल्या बेरजेलाही नवा गेन लागला. आउटपुट ८० टक्के मागेल. लेव्हल हळूहळू सरकत असली की हा धक्का फुगा भरावा तसा येतो आणि दोष सापडत नाही. बेरजेत शिरण्याआधीच गेन लावून टाका:

```
I = I + (Kc/Ti)*e*dt
u = Kc*e + I
```

तयार ब्लॉकच्या आत काय लिहिलंय कळत नसेल तर लूप ऑटोवर शांत असताना गेन हाताने थोडा बदला. आउटपुट जागचं हललं नाही तर तो ब्लॉक बरा आहे.

टेबलाचे टप्पे पाडून गेन एकदम उडवू नका, टप्प्याच्या सीमेवर लेव्हल रेंगाळली की गेन सतत इकडून तिकडे उड्या मारत राहतो. दोन टोकांमध्ये सरळ रेषेने भरण्याचा मोहही आवरा. अर्धा आणि २ मीटर हेच दोन बिंदू धरले तर १ मीटरवर गेन दीडपट निघतो.

गेन कशावरून ठरवायचा?

सेटपॉइंटवरून ठरवणं सोपं आणि गुळगुळीत वाटतं. पण सेटपॉइंट २ वरून अर्ध्या मीटरवर आणला की त्याच क्षणी गेन ०.५ होतो आणि टाकी अजून भरलेलीच असते. म्हणजे डॅम्पिंग पुन्हा ०.२५. मोजलेली लेव्हलच वापरा, पण तिला अर्ध्या-एक मिनिटाचा वेगळा फिल्टर लावून, नाहीतर फेस आणि हिंदकळ थेट गेनमध्ये शिरतात. खाली ०.४ मीटरवर मर्यादा घाला, कारण शंकूच्या टोकाशी सूत्र गेन शून्याकडे नेतं आणि पंप कोरडा पडताना लूप झोपलेला असतो. ट्रान्समीटरचा सिग्नल खराब झाला तर शेवटचा चांगला गेन धरून ठेवा.

शेड्युल लिहायचंच नसेल तर एक आडवाट आहे. लेव्हलऐवजी घनफळ कंट्रोल करा: `V = 0.262·h³`, सेटपॉइंटही त्याच सूत्रातून न्या. घनफळाला आत-बाहेरच्या प्रवाहातला फरकच हलवतो, शंकूचा आकार हिशोबातून निघून जातो आणि एकच गेन तळापासून तोंडापर्यंत चालतो. हिंदकळ मात्र इथेही वरच्या बाजूला फुगून येते, तेव्हा इनपुट फिल्टर लागेलच.