मेसेल्सन-स्टाल प्रयोग: नळीतील पट्टे काढताना या चुका टाळा

नागपुरात बारावीची आणि नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. डीएनएची प्रतिकृती अर्धसंरक्षी पद्धतीने होते, म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी आणि एक नवी साखळी असते, हा मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष जवळजवळ प्रत्येकाला पाठ असतो. परंतु माध्यमांचा क्रम थोडा जरी बदलून विचारला, तर नळीत कोणते पट्टे येतील आणि कोणत्या प्रमाणात येतील, हे सांगताना चांगले विद्यार्थीही अडखळतात. याचे कारण असे की, बहुतेकांनी पुस्तकातली आकृती लक्षात ठेवलेली असते, पण ती आकृती ज्या नियमातून निघते तो नियम वापरून पाहिलेला नसतो.

मूळ प्रयोग थोडक्यात असा होता. ई. कोलाय जिवाणू नायट्रोजन-१५ असलेल्या अमोनियम क्लोराइडवर चौदा पिढ्या वाढवले, त्यामुळे त्यांच्या डीएनएच्या दोन्ही साखळ्या जड झाल्या. मग त्यांना नायट्रोजन-१४ च्या माध्यमात नेले, ठरावीक वेळाने नमुने काढले आणि त्यातील डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात सुमारे वीस तास अतिवेगाने फिरवला, त्यामुळे घनतेप्रमाणे डीएनएचे वेगवेगळे पट्टे पडले. पूर्ण जड डीएनएची घनता घनसेंटीमीटरला सुमारे १.७२४ ग्रॅम, हलक्याची सुमारे १.७१० ग्रॅम, आणि एक जड व एक हलकी साखळी असलेल्या हायब्रिड डीएनएची या दोन्हींच्या बरोबर मध्ये असते. पहिल्या पिढीनंतर फक्त हायब्रिड पट्टा मिळाला, तर दुसऱ्या पिढीनंतर हायब्रिड आणि हलका असे दोन पट्टे समान प्रमाणात मिळाले.

सर्वांत जास्त गुण जातात ते रेणू मोजण्याच्या सवयीमुळे. मोजायच्या असतात त्या साखळ्या. प्रत्येक जुनी साखळी, ती जड असो वा हलकी, तशीच टिकून राहते आणि तिच्यासमोर बनणारी नवी साखळी त्या वेळच्या माध्यमाप्रमाणे जड किंवा हलकी असते. एवढा एकच नियम धरून ठेवला, तर कोणताही प्रश्न सुटतो. समजा, जड डीएनए असलेले जिवाणू आधी दोन पिढ्या हलक्या माध्यमात वाढवले आणि नंतर एक पिढी पुन्हा जड माध्यमात वाढवले. अनेकजण येथे जड, हायब्रिड आणि हलका असे तिन्ही पट्टे काढतात, कारण दुसऱ्या पिढीत तयार झालेले हलके रेणू पुढेही तसेच राहतील असे त्यांना वाटते.

प्रत्यक्षात काय होते ते एका मूळ रेणूपासून पाहू. दोन पिढ्यांनंतर चार रेणू असतात, दोन हायब्रिड आणि दोन हलके, म्हणजे एकूण आठ साखळ्यांपैकी दोन जड आणि सहा हलक्या. आता जड माध्यमात या आठही साखळ्या सुट्या होऊन प्रत्येकीसमोर नवी जड साखळी बनते. दोन जुन्या जड साखळ्यांपासून दोन पूर्ण जड रेणू मिळतात, आणि सहा हलक्या साखळ्यांपासून सहा हायब्रिड रेणू मिळतात. म्हणून जड पट्ट्यात २५ टक्के, हायब्रिड पट्ट्यात ७५ टक्के डीएनए असेल आणि हलका पट्टा मुळीच नसेल. हलका रेणू तयार होण्यासाठी हलकी नवी साखळी लागते, आणि जड माध्यमात ती मिळूच शकत नाही. उत्तर लिहिण्यापूर्वी शेवटचे माध्यम कोणते हे पाहिले, तर अशक्य असलेला पट्टा आपोआप गळून पडतो.

दुसरी चूक प्रयोगाच्या युक्तिवादात होते. पहिल्या पिढीत एकच मधला पट्टा मिळाला, म्हणून अर्धसंरक्षी पद्धत सिद्ध झाली, असे लिहिणे अपुरे आहे. पहिल्या पिढीने फक्त जुना रेणू अखंड ठेवणारी संरक्षी पद्धत बाद होते, कारण त्या पद्धतीत जड आणि हलका असे दोन पट्टे आले असते. जुन्या-नव्या तुकड्यांची सरमिसळ मानणारी विखुरित पद्धत मात्र पहिल्या पिढीत तोच मधला पट्टा देते. ती बाद होते दुसऱ्या पिढीत: विखुरित पद्धतीने हायब्रिड आणि हलका यांच्या मधोमध एकच पट्टा आला असता. येथे लक्षात घेण्यासारखे हे की, अर्धसंरक्षी आणि विखुरित या दोन्ही पद्धतींत दुसऱ्या पिढीच्या एकूण डीएनएमधला जड भाग एक चतुर्थांशच असतो. सरासरी घनतेवरून या दोन पद्धती वेगळ्या करता येत नाहीत, पट्टा एक की दोन यावरूनच करता येतात. म्हणूनच जे विद्यार्थी सरासरी काढून पट्टा दर पिढीला थोडा वर सरकवतात, ते नकळत विखुरित पद्धतीची आकृती काढत असतात. हायब्रिड पट्ट्याची जागा कधीच बदलत नाही. प्रत्येक पिढीत त्यातील डीएनएचा वाटा निम्मा होतो, म्हणजे ५० टक्के, २५ टक्के, १२.५ टक्के असा. तो अतिशय फिका होईल, पण शून्य होणार नाही.

वेळेचा गोंधळ वेगळाच आहे. पाठ्यपुस्तकातल्या प्रश्नांत एक पिढी वीस मिनिटांची धरतात, त्यामुळे ८० मिनिटांत चार पिढ्या होतात आणि हायब्रिड व हलक्या डीएनएचे प्रमाण १:७ येते. मूळ प्रयोगातील साध्या ग्लुकोज माध्यमात एका पिढीला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागत होता. म्हणून पिढीचा काळ प्रश्नात दिलेला असेल, तर तोच वापरावा. शिवाय सर्व जिवाणू एकाच वेळी विभागत नाहीत, त्यामुळे पिढी पूर्ण होण्याआधी काढलेल्या नमुन्यात जड आणि हायब्रिड असे दोन पट्टे दिसतात. शंभर जड रेणूंपैकी पन्नासांची प्रतिकृती झाली असेल, तर पन्नास जड आणि शंभर हायब्रिड रेणू मिळतील. दोन पट्टे दिसले म्हणून याला संरक्षी पद्धतीचा पुरावा म्हणू नये; संरक्षी पद्धतीत याच क्षणी शंभर जड आणि पन्नास हलके रेणू असते. अर्धवट प्रतिकृती झालेले गुणसूत्र या दोन पट्ट्यांच्या मध्ये का येत नाही, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. डीएनए वेगळा काढताना त्याचे लहान तुकडे होतात, त्यामुळे बहुतेक तुकडे एक तर पूर्ण जड असतात किंवा पूर्ण हायब्रिड.

तुकड्यांवरून आणखी एक गैरसमज स्पष्ट करता येतो. मोठा रेणू खाली जातो आणि लहान रेणू वर राहतो, असे येथे घडत नाही. फिरवण्यामुळे सीझियम क्लोराइड बाहेरच्या टोकाकडे, म्हणजे आकृतीतील तळाकडे, अधिक दाट होते, आणि डीएनए स्वतःच्या घनतेइतकी घनता जेथे मिळेल तेथे स्थिरावतो. लांबीचा परिणाम पट्ट्याच्या जागेवर होत नाही, रुंदीवर होतो. लहान तुकडे अधिक पसरतात, म्हणून त्यांचा पट्टा रुंद दिसतो.

नायट्रोजन-१५ किरणोत्सारी आहे, असेही पुष्कळदा लिहिलेले आढळते. तो स्थिर समस्थानिक आहे. किरणोत्सारी खूण, म्हणजे ट्रिटियमयुक्त थायमिडीन, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाकल्याच्या मुळांवरील प्रयोगात वापरली होती. मेसेल्सन आणि स्टाल यांनी पट्टे पाहिले ते डीएनए अतिनील प्रकाश शोषतो म्हणून, आणि त्यामुळेच ज्यात नायट्रोजन-१५ अजिबात नाही असा हलका पट्टाही त्यांच्या छायाचित्रांत तितकाच स्पष्ट उमटला.